दहाही वेळा दोनशे चाळीस

पॉइंटराव हे नाव त्यांना वहिनीने ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. "भाऊजी, किती वाजले हो?" असं विचारलं की दुसरा माणूस सव्वादहा म्हणून मोकळा होतो. हे घड्याळाकडे बघायचे, थांबायचे, आणि म्हणायचे, "दहा वाजून चौदा पॉइंट पाच."

बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांनी फोडलेल्या नळ्यांची यादी करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि मुलांना "हात लावू नका" म्हणणं, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापेक्षा बायकोलाच जास्त पडला होता. निवृत्त नवरा म्हणजे स्वयंपाकघरात नवीन कपाट आणून ठेवल्यासारखं. कुठे ठेवलं तरी पायात येतं.

बायकोची भट्टी होती. भट्टी म्हणजे मागच्या खोलीतला गॅसचा मोठा ओव्हन, एक लांब टेबल, आणि पंधरा वर्षांत पायरीपायरीने मिळवलेलं गिऱ्हाईक. लोण्याची गोल बिस्किटं, शर्टाच्या बटणाएवढी. गावातल्या तीन दवाखान्यांच्या कॅन्टीनमध्ये जायची, शाळांत जायची, बसस्टँडवर जायची. पुड्यावर तिचं नाव छापलेलं, आणि खाली "निव्वळ वजन २५० ग्रॅम". तिचं नाव कुठेतरी छापून आलं ते या पुड्यावरच. लग्नाच्या पत्रिकेतही प्रेसवाल्याने चुकवलं होतं.

"वजनाचं माझ्यावर सोड," पॉइंटराव म्हणाले.

तिने सोडलं. आणि तीन वर्षांनी, पॅकिंगचा परवाना संपायला आला, नवा करून घ्यायला अर्ज गेला, आणि वजनमापवाल्या इन्स्पेक्टरबाई मंगळवारी तपासायला येणार असं पत्र आलं, तेव्हाही ती निर्धास्त होती. परवाना नाही तर पुड्यावर नाव नाही, पुडा नाही तर कॅन्टीन नाही, हे तिला कळत होतं. पण नवरा कोण? पॉइंटराव! हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता पॉइंटरावांची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या पद्धतीतच होता.

काटा नवा होता. घरगुतीच, स्वयंपाकघरातला, चपटा, काचेचा, आकडे निळे दाखवणारा. डब्यातून काढला त्या दिवशी पॉइंटरावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. कारखान्यातून आलेल्या वस्तूवर विश्वास ठेवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी वजन आणलं. कोपऱ्यावरचा किराणावाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून एक लोखंडी अर्धा किलो. जुनं, षटकोनी, जड, अंगावर पन्नास वर्षांचा तेलकट मळ. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, तारेच्या ब्रशने घासलं. बुडाला एक भोक होतं आणि त्यात काहीतरी काळं, मऊ, घट्ट बसलेलं. "किती वर्षांची घाण बघ," असं म्हणत त्यांनी ती स्क्रूड्रायव्हरने टोकरून टोकरून काढली, आणि भोक आतून कापसाने पुसलं. वजन असं चकाकलं की त्यात तोंड दिसावं.

मग ते काट्यावर ठेवलं. काट्याने दाखवलं ४८०.

"बघितलंस?" पॉइंटराव बायकोला म्हणाले. "नवा काटा, आणि पहिल्याच दिवशी वीस ग्रॅमची थाप!"

काट्याला सुधारायची सोय असते. मागचं बटण दाबून धरलं की काटा विचारतो, आता पाचशे ठेव. त्यांनी ठेवलं. काट्याने ते मुकाट्याने पाचशे मानलं. गरीब बिचारा काटा, शिकवलं ते शिकला.

त्या दिवसापासून रोज सकाळी तेच. भट्टी पेटायच्या आधी वजन काट्यावर दहा वेळा ठेवायचं, दहा वेळा उचलायचं, आकडा वहीत लिहायचा. ५००.०, ५००.०, ५००.०. कधीतरी पावसाळी हवेत ५००.१ यायचं, तेव्हा पॉइंटराव दिवसभर नीट जेवायचे नाहीत. मग पुडे. डावाने बिस्किटं भरायची, शेवटचे एकदोन ग्रॅम चुऱ्याने जुळवायचे. बिस्किटाचा चुरा ते वेगळ्या बरणीत ठेवायचे आणि चिमटीने घालायचे. २५०.० झाल्याशिवाय पुड्याचं तोंड बंद होत नसे.

वर राहणारी वहिनी टोस्ट विकायची, तिचाही परवाना होता. तिचा काटा म्हणजे स्प्रिंगचा, सासूच्या काळातला, थाळीवर झाकण ठेवलं तरी काटा दारूड्यासारखा डुलायचा. ती डुलणारा काटा मध्ये आला की पुडा उचलायची.

"वहिनी, हे वजन नाही, हा जुगार आहे," पॉइंटराव म्हणायचे.

"अहो भाऊजी, कधी चार जास्त, कधी चार कमी. देवाच्या दारी सगळं सारखं."

"देवाच्या दारी असेल. माझ्या दारी नाही."

मंगळवारी इन्स्पेक्टरबाई आल्या. बारीक चणीच्या, पायात साधे बूट, हातात लाकडी पेटी, चष्मा दोरीला अडकवलेला. आधी त्या वर गेल्या. वहिनीच्या टोस्टचे सहा पुडे उचलून स्वतःच्या काट्यावर ठेवले. २४३, २६१, २४९, २५८, २४७, २५४. पॉइंटराव जिन्यात उभे राहून ऐकत होते आणि प्रत्येक आकड्याला "अरे देवा" म्हणत होते. बाईंनी कागदावर बेरीज केली.

"सरासरी दोनशे बावन्न. एखादा पुडा नऊ ग्रॅमपर्यंत कमी चालतो, तुमचा सगळ्यात हलका सातनेच कमी आहे. पास. पण आजी, काटा बदला हो. डोळे फिरतात बघून."

"आजी कोणाला म्हणतेस?" वहिनी म्हणाली. पण पास झाल्यामुळे भांडली नाही.

मग खाली. पॉइंटरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर काटा, वजन, तीन वर्षांच्या चार वह्या, आणि सहा पुडे एका रेषेत, फूटपट्टी लावून.

पहिला पुडा. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून, २४०.०.

दुसरा, २४०.०. तिसरा, २३९.९. चौथा, २४०.०. पाचवा, २४०.१. सहावा, २४०.०.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पंचवीस वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "एवढे एकसारखे पुडे कारखान्यातसुद्धा बघितले नाहीत."

पॉइंटरावांची छाती फुगली. बायकोचा मात्र चेहरा उतरला, कारण तिने आकडा ऐकला होता.

"दहा ग्रॅम कमी आहेत," बाई म्हणाल्या. "सगळे."

"तुमचा काटा बिघडलाय," पॉइंटराव म्हणाले.

"अहो!" बायको म्हणाली.

"बोलू दे त्यांना," म्हणत बाईंनी लाकडी पेटी उघडली. आत मखमलीत पितळी वजनं, प्रत्येकावर सरकारी शिक्का. दोनशे आणि पन्नास काढून त्यांनी पॉइंटरावांच्या काट्यावर ठेवली.

काट्याने दाखवलं २६०.४.

"परत ठेवा," पॉइंटराव म्हणाले.

परत ठेवली. २६०.४. परत. २६०.४. पॉइंटरावांनी स्वतः दहा वेळा ठेवली, रुमालात धरून. दहाही वेळा २६०.४. सवयीने त्यांचा हात वहीकडे गेला आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

"पण हा काटा कधी हलत नाही बाई! बघा ना, एक पॉइंट इकडेतिकडे नाही!"

"हलत नाही हे दिसतंय. अडीचशेला दोनशे साठ म्हणतो, आणि आपल्या म्हणण्यावर ठाम आहे. ठाम असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं." बाईंनी त्यांचं चकाकतं लोखंडी वजन उचललं, आपल्या काट्यावर ठेवलं. ४८०.०. मग उलटं केलं आणि बुडाच्या भोकात बोट घातलं. "यातलं शिसं कुठे गेलं?"

"कुठलं शिसं?"

"वजन बनवताना भोकात शिसं ओततात. ते कमीजास्त करून अर्धा किलो बरोबर आणतात आणि त्या शिशावरच शिक्का मारतात. काळं, मऊ असतं."

पॉइंटरावांना ती घाण आठवली, आणि ती टाकल्यावर आपण साबणाने हात धुतले होते तेही.

"म्हणजे काटा बरोबर होता," बायको हळू आवाजात म्हणाली. "आला तेव्हा बरोबर होता. तुम्ही त्याला बिघडवलंत. आणि ज्या वजनाने बिघडवला त्यालाच रोज सकाळी विचारत बसलात, की बाबा, बरोबर आहे ना?"

"दहा वेळा विचारत होतो," पॉइंटराव म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की याने काहीतरी फरक पडेल.

बाईंनी काटा, वजन, चार वह्या आणि पुडे जप्त केले, पावती दिली, आणि दारात थांबून बायकोला बाजूला घेतलं. "ताई, ऐका. चूक म्हणून लागलं तर महिनाभर बंद, नवा काटा, परत चालू. मुद्दाम केलं असं लागलं तर परवाना कायमचा गेला. तुमच्या नावावर परत मिळत नाही. सुनावणीला साहेबांना सांगा, गबाळेपणा झाला. गबाळेपणाला माफी असते."

सुनावणी शुक्रवारी. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिन्यात फायलींचे गठ्ठे आणि त्यावर झोपलेलं मांजर. साहेब जाडसर, शांत, रुमालाने मान पुसणारे. चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला समजावता येतं.

साहेबांनी वह्या आधीच वाचल्या होत्या.

"या तुमच्या?"

"हो साहेब. रोजच्या. एक दिवस खाडा नाही."

बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"तीन वर्षं प्रत्येक पुडा सारखा," साहेब म्हणाले. "हे बघा. मला रोज भेटतात ते चुकणारे लोक. त्यांचे पुडे वरखाली असतात. एक दहाने कमी, एक बाराने जास्त. चूक म्हणजे काय? जिला दिशा नसते ती चूक. तुमचे पुडे सगळे एकाच दिशेला, एकाच आकड्याने. आणि किती कमी? दहा. नऊला आम्ही डोळेझाक करतो, हे तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक असतं तर नऊनेच केले असते!" पॉइंटराव म्हणाले.

बायकोने डोळे मिटले.

"साहेब, तसं नाही, मी दाखवतो." पॉइंटरावांनी टेबलावरचा कागद ओढला, पेनाने गोल काढला, गोलात गोल, मध्ये ठिपका. मग वर डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून दहा फुल्या मारल्या. "हा नेम धरणारा माणूस. दहाही गोळ्या एकाच जागी. हात स्थिर आहे. पण बंदुकीची दुर्बीणच वाकडी बसवलीय. म्हणून मधला ठिपका चुकला. हात कितीही स्थिर असला तरी त्याला कळणार नाही की दुर्बीण वाकडी आहे, कारण तो त्याच दुर्बिणीतून बघतोय! आणि वहिनीचं बघा," त्यांनी दुसरा गोल काढला, फुल्या चौफेर विखुरल्या, "हिचा हात थरथरतो, पण मध्य बरोबर येतो."

विज्ञान अगदी बरोबर होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत फळ्यावर हेच चित्र त्यांनी बत्तीस वर्षं पुसलं होतं.

साहेबांनी कागद हातात घेऊन नीट बघितला. "म्हणजे तुमचा नेम चांगला आहे."

"हो साहेब."

"आणि दहाही गोळ्या इथे लागल्या."

"हो."

"मग मला असं वाटतं," साहेबांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "की तुम्ही इथेच नेम धरला होता."

बत्तीस वर्षांत एकाही मुलाने असा प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हा बायको बोलली. "साहेब, हे काही एवढे शहाणे नाहीत. वह्या आदल्या रात्री बसून लिहिल्यात. काटाबिटा काही तपासत नाहीत. डाव मारतात आणि पुडा बांधतात. गबाळे आहेत हो. घरी येऊन बघा, मोजे कुठे टाकतात ते."

साहेबांनी पॉइंटरावांकडे बघितलं. "खरं आहे?"

या माणसाने आयुष्यात गबाळा शब्द स्वतःसाठी ऐकला नव्हता. त्यांचे मोजे तारखेप्रमाणे घडी घातलेले असत. ते बायकोकडे बघत राहिले. तिच्या बोटांवर ओव्हनच्या ट्रेचे जुने चटके होते, पंधरा वर्षांचे.

"खरं आहे," ते म्हणाले. "वह्या खोट्या आहेत. मी अंदाजपंचे भरतो."

आपली सगळ्यात मोठी गोष्ट माणसाने अशी उचलून दिली की समोरच्याला पाझर फुटावा. साहेबांनाही थोडा फुटला. म्हणून त्यांनी एक संधी दिली. जप्त केलेले पुडे मागवले, शिपायाला परातीत ओतायला सांगितले, एक डाव आणि रिकाम्या पिशव्या पुढे ठेवल्या.

"अंदाजपंचे भरता ना? भरा पाच. पुडे वरखाली झाले तर मी गबाळेपणा लिहितो, महिन्याने भट्टी पेटवा."

बायकोच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. ती वाकून कानात म्हणाली, "बघू नका. डोळे मिटा. कसेही भरा. एकात मूठभर जास्तच टाका."

पॉइंटरावांनी डाव घेतला. त्यांनी खरोखर प्रयत्न केला, हे सांगायलाच हवं. खिडकीकडे बघत पहिला डाव मारला. मांजराचा विचार करत दुसरा. तिसरा भरताना मुद्दाम जरा जास्त घेतलं, पण पिशवी हातात जड लागली आणि मनगट आपोआप वळून चार बिस्किटं परत परातीत पडली. त्यांना कळलंसुद्धा नाही. चौथ्याला घाम फुटला. पाचव्याला बायकोने "मूठभर, मूठभर" असं पुटपुटलेलं त्यांनी ऐकलं, मूठ घेतली, टाकली, आणि बोटांनी तेवढीच परत काढली. तीन वर्षं, दिवसाला दोनशे पुडे. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

शिपायाने कचेरीच्या काट्यावर एकेक ठेवला आणि वाचला.

"दोनशे चाळीस. दोनशे एकेचाळीस. दोनशे चाळीस. दोनशे एकोणचाळीस. दोनशे चाळीस."

मागच्या बाकावर बसलेल्या इन्स्पेक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "काट्याशिवाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण कौतुक जास्त होतं, आणि तेच घात करून गेलं.

साहेबांनी पेन उचललं. "काटाही लागत नाही यांना," ते शिपायाला म्हणाले. "हाताने चोरतात." आणि खाली "मुद्दाम" हा शब्द लिहून त्यावर शिक्का मारला.

"साहेब, दोनशे चाळीस नाही हो ते!" पॉइंटराव उठून उभे राहिले. "माझ्या हाताला ते अडीचशेच आहे! हात अडीचशेच भरतोय! हाताला कोण सांगणार?"

"तेच तर लिहिलंय," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दोघं जिने उतरली. बायको पुढे, पॉइंटराव मागे. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, टायरवाला टायर ठोकत होता. बसस्टँडवर तिच्या बिस्किटांचा स्टँड रिकामा होता, तिथे दुकानदाराने पाण्याच्या बाटल्या लावायला घेतल्या होत्या. बातमी जिन्यापेक्षा वेगाने उतरते.

"मी साहेबांना लेखी देतो," पॉइंटराव म्हणाले. "वर अपील असतं. आकडेमोड करून दाखवतो. साधा गुणाकार आहे, काट्याच्या आकड्याला पॉइंट नऊ सहाने गुणलं की..."

"पुरे."

"पण गणित आपल्या बाजूने आहे गं."

ती थांबली. रागावली नव्हती. रागावायलाही माणसाकडे काहीतरी उरावं लागतं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "दिवसाला दोनशे पुडे. एवढ्यांत एकदा तरी खरंखुरं चुकायचं होतंत हो. एकदाच. कुठल्याही बाजूला."



घरी आल्यावर तिने गॅसची नळी काढली, ओव्हनचं दार पुसलं आणि त्यावर जुनी चादर घातली. मग छापलेल्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा खाली काढला आणि एकेक पिशवी उलटी करून नाव आत जाईल अशी घडी घालू लागली, फडताळाच्या फळ्यांवर अंथरायला. पॉइंटराव शेजारी बसले आणि त्यांनीही एक पिशवी उचलली. तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही घातल्या तर सगळ्या सारख्या होतील."